पेपर 11,400 शब्दांचा, मर्यादा 8,000 : मुख्य मुद्दा न गमावता कापायचा कसा

एम.ए.चा पेपर शब्दमर्यादेच्या बाहेर गेला की बहुतेक विद्यार्थी पहिल्या पानापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक वाक्यातून एखाददुसरा शब्द काढत पुढे सरकतात. दोन-तीन दिवस असे गेले की तीन-चारशे शब्द कमी झालेले असतात आणि मुदत तोंडावर आलेली असते. मग उरलेले हजारो शब्द जिथे हात पोचतो तिथून, म्हणजे पेपरच्या उत्तरार्धातून, घाईने उडवले जातात. उत्तरार्धातच तर स्वतःच्या मुलाखती, तक्ते आणि चर्चा असते. अशा पेपरमध्ये पार्श्वभूमी शाबूत राहते आणि पुरावा जातो. परीक्षक लिहितो, ‘प्रतिपादन पुरेसे सिद्ध होत नाही’, आणि विद्यार्थ्याला कळत नाही की आपण तर सगळं सिद्ध केलं होतं, ते गेलं कुठे.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी मोठे तुकडे, मग परिच्छेद, मग उद्धरणं आणि तक्ते, आणि वाक्यं सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम एका उदाहरणासह दिला आहे. उदाहरण समजावण्यासाठी बांधलेलं आहे, त्यातले निष्कर्ष कुणाच्या संशोधनाचे नाहीत. समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा पेपर आहे असं धरू. विषय : रोजगार हमीच्या कामावरून बायका मधेच का निघून जातात. तीन गावं, 24 मुलाखती. मर्यादा 8,000 शब्दांची, मसुदा 11,400 शब्दांचा.

## तयारी : कापण्याआधी तीन गोष्टी

1. मर्यादेत काय धरतात ते लेखी पाहा. विभागाच्या माहितीपुस्तिकेत किंवा अभ्यासक्रमाच्या सूचनांत हे लिहिलेलं असतं. संदर्भसूची बहुधा मोजत नाहीत. तळटीपा काही ठिकाणी मोजतात, काही ठिकाणी नाही. तक्ते, सारांश आणि परिशिष्टं यांचेही नियम विभागागणिक बदलतात. ‘दहा टक्के वर चालतात’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी फार असतं. काही विद्यापीठांत तशी सूट खरोखर असते, काही ठिकाणी एक शब्द वर गेला तरी गुण कापतात. सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. नियमात स्पष्ट नसेल तर मार्गदर्शकांना ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

2. नियमाप्रमाणे मोजा. वर्डमध्ये `Review` → `Word Count` उघडलं की खाली `Include textboxes, footnotes and endnotes` अशी चौकट दिसते. तिच्यावर खूण आहे की नाही यावरून आकडा शेकड्यांनी बदलू शकतो. गूगल डॉक्स तळटीपा मोजतच नाही, त्यामुळे जिथे तळटीपा धरतात तिथे त्याचा आकडा फसवा ठरतो. मोजायचा भाग निवडून फक्त त्याची मोजणी घेणं सगळ्यात सुरक्षित.

3. दोन फायली करा. मूळ मसुद्याची एक प्रत तारखेसह बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसरी रिकामी फाईल ‘काढलेलं’ या नावाने उघडा. पेपरमधून जे निघेल ते या फाईलमध्ये चिकटवायचं आणि कुठून निघालं त्याचं उपशीर्षक वर लिहायचं. परिच्छेद कायमचा गेला असं वाटलं की हात अडखळतो. तो बाजूला ठेवलाय हे माहीत असलं की निर्णय पटकन होतो.

> तपासा : तुम्हाला नेमके किती शब्द काढायचे आहेत? उदाहरणात मर्यादा 8,000 आहे, पण लक्ष्य 7,800 ठेवायचं. कापून झाल्यावर सांधे जोडायला नवी वाक्यं लिहावी लागतात आणि ती दीड-दोनशे शब्द खातात. म्हणजे काढायचे शब्द 3,400 नाहीत, 3,600 आहेत.

## टप्पा 1 : मुख्य म्हणणं एका वाक्यात लिहा

मसुदा बंद करा. कागदावर एकच वाक्य लिहा : हा पेपर काय सिद्ध करतो? ‘हा पेपर रोजगार हमीतील महिलांच्या सहभागाचा अभ्यास करतो’ हे वाक्य इथे चालणार नाही. तो विषय झाला, म्हणणं नव्हे. म्हणणं म्हणजे ज्याच्याशी एखादा जाणकार असहमत होऊ शकतो असं विधान. उदाहरणातल्या विद्यार्थिनीचं वाक्य असं :

‘या तीन गावांत बायका काम सोडतात त्याचं मुख्य कारण मजुरीचा कमी दर नाही, मजुरी कधी हातात पडेल याची खात्री नसणं हे आहे.’

आता या वाक्याखाली, ते कशावर उभं आहे ते लिहा. तीन-चार ओळींपेक्षा जास्त नको. तिच्या ओळी :

- क) दर वाढला त्या हंगामातही काम सोडण्याचं प्रमाण घटलं नाही.
- ख) काम सोडलेल्या बायका त्याहून कमी मजुरीच्या शेतकामावर गेल्या, कारण तिथे आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी रोख पैसे मिळत.
- ग) ज्या टिकल्या त्यांच्या घरात दुसरी नियमित मिळकत होती.
- घ) आक्षेप : लहान मुलं सांभाळायची सोय नसल्यामुळे बायका जात असतील. उत्तर : लहान मुलं नसलेल्या बायकाही त्याच प्रमाणात गेल्या.

चौथी ओळ विसरू नका. समोरचा आक्षेप आणि त्याचं उत्तर हा म्हणण्याचाच भाग आहे. शब्द कमी करताना पहिली कुऱ्हाड नेमकी यावर पडते, कारण तो भाग ‘विषयाबाहेरचा’ वाटतो. आक्षेप गेला की उरलेला पेपर एकतर्फी दिसतो.

> सावध : वाक्य जमत नसेल, किंवा त्यात ‘आणि तसेच’ जोडून दोन म्हणणी येत असतील, तर अडचण शब्दसंख्येची नाही. एका पेपरमध्ये दोन पेपर आहेत. त्यांतलं एक म्हणणं आत्ताच निवडा. मर्यादेपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास वर गेलेल्या मसुद्यांत हे वारंवार दिसतं, आणि तिथे वाक्यं छाटून काही होत नाही.

## टप्पा 2 : उलटा आराखडा

लिहिण्याआधी आराखडा करतात, इथे लिहून झाल्यावर करायचा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या. एका तक्त्यात त्याच्यासमोर तीन गोष्टी लिहा : परिच्छेद काय सांगतो (दहा शब्दांत), त्याची शब्दसंख्या, आणि तो वरच्या क, ख, ग, घ यांपैकी कशाला आधार देतो. आधार देत नसेल तर रकाना रिकामा ठेवा. ओढूनताणून भरू नका.

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक ते टाळतात. पण सगळी कापाकापी यावरच ठरते. आठ-दहा हजार शब्दांच्या मसुद्यात पन्नास ते सत्तर परिच्छेद असतात. एका बैठकीत तक्ता होतो. करताना परिच्छेद सुधारायचा मोह आवरा, फक्त नोंद करा.

उदाहरणातल्या तक्त्यातले चार परिच्छेद पाहा.

परिच्छेद 9 : 1972चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना आणि 1977चा महाराष्ट्राचा कायदा. 310 शब्द. आधार : रिकामा.

परिच्छेद 12 : 2005च्या केंद्रीय कायद्यानुसार मजुरी पंधरा दिवसांत देण्याचं बंधन आणि उशिराबद्दल भरपाईची तरतूद. 140 शब्द. आधार : मुख्य म्हणणं. ‘उशीर’ कशाला म्हणायचं ते यावरून ठरतं.

परिच्छेद 31 : मुलाखती कुठे, कशा, कुणाच्या ओळखीने घेतल्या. 220 शब्द. आधार : क ते घ सगळ्यांना, कारण पुराव्याची विश्वासार्हता इथे आहे.

परिच्छेद 44 : बाजाराच्या आदल्या दिवशी मिळणाऱ्या रोख पैशाबद्दल सहा बायकांची उद्धरणं. 480 शब्द. आधार : ख.

लक्षात घ्या, परिच्छेद 9 वाईट नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, रंजक आहे आणि ती गोळा करायला विद्यार्थिनीने कष्ट घेतले आहेत. पण 1972 साली काय झालं हे कळलं नाही म्हणून आजच्या बायका काम का सोडतात हे समजायचं अडत नाही. परिच्छेद 12 मात्र रुक्ष असला तरी काढला तर पेपर कोसळतो. कष्ट किती घेतले आणि गरज किती आहे, या दोन गोष्टी वेगळ्या करायला हा तक्ता लागतो.

> तपासा : प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारा. हा काढला तर समारोपातलं कोणतं वाक्य निराधार होतं? एकही होत नसेल तर तो जाऊ शकतो.

## टप्पा 3 : प्रत्येक भागाला शब्द वाटून द्या

आता तक्त्यावरून भागवार बेरीज करा आणि शेजारी नवं वाटप लिहा. उदाहरणात ते असं झालं :

| भाग | मसुदा | लक्ष्य |
|---|---|---|
| प्रस्तावना | 1,300 | 700 |
| योजनेचा इतिहास | 1,900 | 500 |
| पूर्वसाहित्य | 2,700 | 1,500 |
| पद्धत | 1,000 | 700 |
| पुरावा | 2,600 | 2,600 |
| चर्चा | 1,100 | 1,300 |
| समारोप | 800 | 500 |
| एकूण | 11,400 | 7,800 |

डावा रकाना बघा. विद्यार्थिनीने स्वतः गोळा केलेला पुरावा सुरू होण्याआधी वाचकाला 6,900 शब्द वाचावे लागत होते. पुरावा आणि चर्चा मिळून 3,700 शब्द, म्हणजे पेपरचा जेमतेम तिसरा हिस्सा. पसरट मसुद्यांची ही नेहमीची ठेवण आहे : पुढचा भाग वाचन चालू असताना निवांत लिहिलेला, मागचा भाग थकून.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळीकडून सारख्या टक्क्याने कापणं. ‘मसुद्यातले एकतीस-बत्तीस टक्के काढायचे आहेत ना, मग प्रत्येक भाग तेवढाच कमी करू’ हे न्याय्य वाटतं. तसं केलं तर पुराव्याचे 2,600 शब्द सुमारे 1,780 होतात आणि इतिहास तरीही 1,300च्या आसपास राहतो. पेपर मर्यादेत बसतो, पण त्याचं वजन चुकीच्या बाजूला झुकतं.

वाटपात चर्चेला दोनशे शब्द वाढवून दिले आहेत, तेही मुद्दाम. इतिहास आणि पूर्वसाहित्य आकसलं की त्यातले एक-दोन दुवे चर्चेत, जिथे ते खरंच लागतात तिथे, पुन्हा आणावे लागतात. कापताना एखादा भाग वाढू शकतो, वाढायलाही हवा, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

## टप्पा 4 : आधी अख्खे तुकडे काढा

तक्त्यात आधाराचा रकाना रिकामा असलेले परिच्छेद ‘काढलेलं’ फाईलमध्ये हलवा. या वेळी वाक्यं वाचत बसू नका, अख्खे परिच्छेद उचला. उदाहरणात इतिहासाच्या 1,900 शब्दांतले दुष्काळ, पागे, 1977चा कायदा आणि 2 फेब्रुवारी 2006 रोजी 200 जिल्ह्यांत केंद्रीय योजना सुरू होणं हे सगळं गेलं. त्या सगळ्यासाठी एक वाक्य राहिलं, ‘महाराष्ट्रात 1970च्या दशकापासून असलेली ही हमी 2005च्या कायद्याने देशभर आली’, आणि त्याला एक संदर्भ.

उरलं ते पैशाच्या वाटेचं वर्णन : हजेरीपत्रक भरणं, कामाचं मोजमाप, देयकाचा आदेश, बँक खातं. यातल्या कोणत्याही पायरीवर उशीर होऊ शकतो आणि बाईला तो कुठे झाला हे कळत नाही, हेच तर मुख्य म्हणणं आहे. म्हणून ते ठेवलं. भागाचं नावही बदललं. ‘योजनेचा इतिहास’ असं शीर्षक राहिलं की तिथे इतिहास भरायची इच्छा परत होते. ‘मजुरी कोणत्या वाटेने येते’ असं नाव दिल्यावर त्या भागात काय असावं आणि काय नको हे आपोआप ठरलं.

यानंतर पुनरुक्ती शोधा. तीच गोष्ट प्रस्तावनेत, पद्धतीत आणि चर्चेत तीनदा आलेली असते. सहसा पेपरची मांडणी सांगणारा परिच्छेद, गावांची ओळख आणि अभ्यासाचं महत्त्व या गोष्टी अशा पसरतात. जिथे ती सर्वांत जास्त उपयोगी आहे तिथे एकदाच ठेवा.

> सावध : काढलेला मजकूर तळटीपांत किंवा परिशिष्टात ढकलून मोकळं होऊ नका. तळटीपा मोजत असतील तर काहीच वाचत नाही. परिशिष्ट मोजत नसेल तरी ते वाचायला परीक्षक बांधील नसतो. प्रश्नावली, मुलाखतींची यादी, मोठे तक्ते परिशिष्टात शोभतात. ज्या तक्त्यावर ‘क’ उभा आहे तो तक्ता मात्र मुख्य मजकुरातच हवा.

## टप्पा 5 : पूर्वसाहित्य व्यक्तींवरून मुद्द्यांवर आणा

सर्वांत जास्त शब्द इथे वाचतात आणि पेपरही इथेच सर्वांत जास्त सुधारतो, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. फुगलेलं पूर्वसाहित्य जवळपास नेहमी लेखकवार असतं. एका लेखकाला एक परिच्छेद : त्यांनी कुठे अभ्यास केला, कधी केला, कोणती पद्धत वापरली, काय आढळलं. मग पुढचा लेखक. वाचलेलं सगळं दाखवायचं असतं, म्हणून अशी यादी बनते.

दुरुस्ती अशी. प्रत्येक लेखकासमोर लिहा : माझ्या म्हणण्याशी याचं नातं काय? नाती चारच असतात. माझ्या बाजूचा, माझ्या विरुद्धचा, मला व्याख्या किंवा पद्धत देणारा, आणि मी भरते आहे ती पोकळी दाखवणारा. पाचवं नातं ‘विषय सारखा आहे’ हे असेल, तर तो लेखक मजकुरातून जातो. त्याच्याबरोबर संदर्भसूचीतली नोंदही जाते.

मग लेखकांना मुद्द्याखाली एकत्र आणा. मसुद्यात मिळून सुमारे चारशे शब्दांचे चार परिच्छेद होते, अ, ब, क आणि ड अशा चार अभ्यासकांवर एकेक. त्यांची जागा या दोन वाक्यांनी घेतली :

‘मजुरीला उशीर होतो हे अनेकांनी दाखवले आहे (अ, ब, क). उशिराचा मजूर टिकण्याशी असलेला संबंध मात्र फक्त ड यांनी तपासला, आणि तोही घरटी, स्त्री-पुरुष वेगळे न करता.’

नव्या रूपात लेखकांची वर्णनं गेली, पण पोकळी नेमकी दिसू लागली : स्त्री-पुरुष वेगळे करून कुणी पाहिलेलं नाही. चारशे शब्दांत ती दडलेली होती. एक काळजी मात्र घ्यायची. एका कंसात तीन नावं घालताना तिघांनी खरोखर तेच म्हटलंय का, हे मूळ टिपणं उघडून पाहा. एकाने ‘काही जिल्ह्यांत’ म्हटलं असेल तर त्याला ‘देशभर’च्या कंसात बसवता येत नाही.

तुमच्या विरुद्ध बोलणाऱ्या लेखकाला मात्र असं दाबू नका. मजुरीचा दर हेच कारण आहे असं मानणारा जो सर्वांत भक्कम अभ्यास असेल, त्याला पूर्ण परिच्छेद द्या. चर्चेत त्यालाच उत्तर द्यायचं आहे.

> तपासा : पूर्वसाहित्यातल्या परिच्छेदांची फक्त पहिली वाक्यं सलग वाचा. ती लेखकांच्या नावांनी सुरू होत असतील तर काम अर्धं झालंय. ती विधानांनी सुरू होत असतील आणि शेवटच्या वाक्यातून तुमचा प्रश्न निघत असेल, तर पुढे जा.

## टप्पा 6 : उद्धरणं आणि तक्ते

पुराव्याच्या भागाची शब्दसंख्या कायम ठेवायची असली तरी आतली रचना बदलावी लागते. परिच्छेद 44 मध्ये एकाच मुद्द्यावर सहा बायकांची उद्धरणं होती. सहा जणी तेच म्हणत असतील तर सहावं उद्धरण वाचकाला नवीन काही देत नाही. एक नेमकं उद्धरण ठेवा आणि बाकीच्यांची संख्या सांगा. तिथे असं झालं :

‘बाजाराच्या दिवशी हातात पैसा लागतो. तिकडचा कधी येईल ते सांगता येत नाही,’ असे एकीने सांगितले. काम सोडलेल्या 15 पैकी 11 जणींनी याच आशयाचे कारण दिले.

संख्या दिल्यामुळे पुरावा पातळ झाला नाही, उलट वाढला. आधी सहा उद्धरणं निवडून घेतल्यासारखी वाटत होती, आता उरलेल्या चौघींचं काय हा प्रश्न उघडपणे समोर आला. वाचलेल्या जागेत त्या चौघींवर एक परिच्छेद लिहिला गेला. वेगळं बोलणारी व्यक्ती कापून टाकायची नसते.

उद्धरण मधेच तोडलं तर तीन टिंबं द्या. दोन वेगळ्या प्रश्नांना दिलेली उत्तरं टिंबांनी जोडून एक करू नका, ते चुकीचं उद्धरण होतं.

तक्ता असेल तर त्याखालचा परिच्छेद तपासा. तक्त्यातले आकडे पुन्हा शब्दांत वाचून दाखवलेले असतात. तिथे एवढंच ठेवा : तक्त्यातून कोणती एक गोष्ट दिसते आणि ती क, ख, ग यांपैकी कशाला लागू होते.

## टप्पा 7 : आता वाक्यं

इथपर्यंत आलात की बहुधा तीन-चारशे शब्द काढायचे उरलेले असतात. आता वाक्यांना हात लावायचा. मराठी शैक्षणिक लेखनात शब्द ठरावीक जागी साचतात, आणि Ctrl+F ने ते शोधता येतात : ‘च्या माध्यमातून’, ‘च्या संदर्भात’, ‘करण्यात आले आहे’, ‘असल्याचे दिसून येते’, ‘या ठिकाणी नमूद करणे आवश्यक आहे’, ‘मोठ्या प्रमाणात’. एक वाक्य घेऊ :

‘सदर अभ्यासाच्या माध्यमातून असे निदर्शनास आले आहे की, मजुरी मिळण्यास होणाऱ्या विलंबामुळे महिला मजुरांच्या कामावरील उपस्थितीमध्ये मोठ्या प्रमाणात घट होत असल्याचे दिसून येते.’ (23 शब्द)

पहिल्या झटक्यात ते असं होतं :

‘मजुरीला उशीर झाला, की महिला मजुरांची हजेरी घटते.’ (8 शब्द)

छान वाटतं, पण हे वाक्य आता खोटं आहे. तीन गावांच्या 24 मुलाखतींवरून सगळ्या महिला मजुरांबद्दल असं म्हणता येत नाही. बरोबर रूप :

‘मजुरीला उशीर झाला, की या गावांतल्या महिला मजुरांची हजेरी घटते.’ (10 शब्द)

हे दोन शब्द काढायचे नाहीत. ‘बहुतेक’, ‘या नमुन्यात’, ‘काही अंशी’ असे शब्द विधानाची हद्द सांगतात. एका वाक्यात अशी तीन कुंपणं असतील तर दोन काढा, एक ठेवा. ‘मोठ्या प्रमाणात’ हद्द सांगत नाही. आकडा असेल तर आकडा लिहा, नसेल तर तो शब्दसमूह काढा.

पेपर इंग्रजीत असेल तरी शोधायच्या जागा याच आहेत : ‘इट इज इम्पॉर्टंट टू नोट दॅट’ छापाच्या सुरुवाती आणि क्रियापदाचं नाम करून मागे जोडलेलं दुसरं क्रियापद.

> सावध : शब्द जोडून संख्या कमी करू नका. ‘केले आहे’चं ‘केलेआहे’ करणं किंवा नको तिथे जोडरेघ घालणं परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. संदर्भ देण्याची ठरलेली पद्धत फक्त शब्द वाचावेत म्हणून बदलणंही तसंच.

## टप्पा 8 : सांधे जोडा

तुकडे काढल्यावर पेपरमध्ये फटी पडतात. लिहिणाऱ्याला त्या दिसत नाहीत, कारण काढलेला मजकूर त्याच्या डोक्यात असतोच. म्हणून शोधून शोधून पाहावं लागतं.

‘वर म्हटल्याप्रमाणे’, ‘आधी पाहिले तसे’, ‘पुढील भागात’ हे शब्द फाईलमध्ये शोधा आणि प्रत्येक ठिकाणी ते ‘वर’ अजून शिल्लक आहे का बघा. तक्त्यांचे क्रमांक नव्याने लावा. एखाद्या संज्ञेची व्याख्या काढलेल्या परिच्छेदात गेली नाही ना, ते तपासा. उदाहरणात ‘देयकाचा आदेश’ ही संज्ञा इतिहासाच्या जुन्या भागातल्या एका परिच्छेदात समजावलेली होती. तो परिच्छेद गेला आणि चर्चेत ती पाचदा वापरलेली राहिली. शेवटी मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे आणि सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे, हे दोन्ही बाजूंनी जुळवा. कापलेल्या पेपरच्या सूचीत अनाथ नोंदी हमखास उरतात.

सारांश, प्रस्तावना आणि समारोप यांची डागडुजी करू नका, ते नव्याने लिहा. टप्पा 1 मधलं वाक्य आणि त्याखालच्या चार ओळी समोर ठेवून लिहिलं तर काम लवकर होतं. प्रस्तावनेत दिलेलं आणि पुढे कापलं गेलेलं वचन ही सर्वांत महागात पडणारी फट आहे. मसुद्याच्या प्रस्तावनेत ‘योजनेच्या अंमलबजावणीतील जातीय परिमाणही तपासले आहे’ असं वाक्य होतं आणि तो भाग टप्पा 4 मध्येच गेला होता. परीक्षक अशा वचनाची वाट पाहत पेपर संपवतो.

## टप्पा 9 : परक्या डोळ्यांनी

विषय माहीत नसलेल्या, पण वाचनाची सवय असलेल्या एका व्यक्तीला पेपर द्या. ‘कसा वाटला’ असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा : हा पेपर काय म्हणतो? ते मानायला तुला कशाने भाग पाडलं? कुठे वाटलं की मधलं काहीतरी निसटलंय? पहिल्याचं उत्तर तुमच्या टप्पा 1 च्या वाक्याशी ताडून बघा. दुसऱ्याच्या उत्तरात क, ख, ग यांपैकी जे आलं नाही, तो आधार कापताना दुबळा झालाय. ‘काढलेलं’ फाईल उघडा, त्या आधाराचा नेमका परिच्छेद शोधा आणि त्यातली दोन-तीन वाक्यं परत आणा. 7,800 आणि 8,000 यांमधली जागा यासाठीही राखली होती.

मुखपृष्ठावर शब्दसंख्या लिहायची असेल तर ती सर्वांत शेवटी, पीडीएफ करण्याच्या आधी, तयारीत ठरवलेल्या पद्धतीनेच पुन्हा मोजून लिहा. सांधे जोडताना आकडा बदललेला असतो आणि मुखपृष्ठावर मात्र जुनाच राहतो.